दूरस्थ कामाचे धोरण : वेतन-सेवा देणाऱ्या एका कंपनीचे प्रकरण

ही कंपनी इतर संस्थांसाठी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब करून देते. कर्मचारी सुमारे १२०. वेतन-प्रक्रिया, ग्राहक-साहाय्य, सॉफ्टवेअर आणि प्रशासन असे चार विभाग. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्नांचे स्वरूप आणि कलमांची भाषा मात्र जशी घडत गेली तशीच ठेवली आहे.

घरून काम करण्याविषयी कंपनीकडे आधीपासून दीड पानांचे एक परिपत्रक होते. त्याचा गाभा चार वाक्यांत मावत होता : योग्य कर्मचाऱ्यांना विभागप्रमुखांच्या संमतीने घरून काम करता येईल, कामाच्या नियमित वेळा पाळाव्यात, आवश्यक साधनांची व्यवस्था कर्मचाऱ्याने करावी, गोपनीय माहितीची योग्य ती काळजी घ्यावी. काही काळ या चार वाक्यांवर निभावलेही. पुढे दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास घडल्या. वेतन-प्रक्रिया विभागात एकाच हुद्द्यावर असलेल्या दोन कर्मचाऱ्यांनी आपापल्या गटप्रमुखांकडे अर्ज केले. एकाला आठवड्यातून तीन दिवस मिळाले, दुसरीला एकही नाही, आणि नकाराचे कारण लेखी मागितल्यावर गटप्रमुखांना ते देता आले नाही. त्याच महिन्यात एका मोठ्या ग्राहकाने सुरक्षा-प्रश्नावली पाठवली. कार्यालयाबाहेर आमच्या कर्मचाऱ्यांची वेतन-माहिती कशी सांभाळली जाते आणि त्याचा पुरावा काय, असे तिच्यात विचारले होते. ‘योग्य ती काळजी’ हे उत्तर पाठवण्यासारखे नव्हते.

धोरण नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे बाहेरचा सल्लागार म्हणून आले. परिपत्रकातील चारही वाक्यांचा दोष एकच होता : जिथे निर्णय असायला हवा तिथे विशेषण होते. योग्य कोण, नियमित म्हणजे किती ते किती, आवश्यक काय, हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडले होते, आणि वाचणारे प्रत्येक वेळी वेगळे. म्हणून प्रत्येक कलमाला तीन प्रश्न लावायचे ठरले. निर्णय कोण घेईल? किती दिवसांत किंवा तासांत घेईल? कलम पाळले गेले की नाही, हे तिसऱ्या माणसाला कशावरून कळेल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते कलम धोरणात ठेवायचे नाही, फार तर सूचनांमध्ये न्यायचे.

पात्रता

पहिल्या बैठकीत विभागप्रमुखांनी पदांची यादी आणली : अमुक पदे पात्र, तमुक अपात्र. ही यादी वापरली असती तर वेतन-प्रक्रिया विभाग जवळजवळ सगळा अपात्र ठरला असता, कारण ‘तिथे पैशांचे काम आहे’. त्याऐवजी आम्ही पद बाजूला ठेवून कामांची नोंद केली. वेतन-अधिकारी महिनाभरात नेमके काय करतो, ते त्याच्या शेजारी बसून लिहून काढले. ग्राहकाकडून हजेरी आणि बदलांची माहिती घेणे, ती प्रणालीत भरणे, हिशेब चालवणे, दुसऱ्याने केलेला हिशेब तपासणे, बँकेला पाठवायची फाइल मंजूर करणे आणि सहीचे मूळ कागद फाइलबंद करणे, अशी सहा कामे निघाली. त्यांतल्या पहिल्या चार कामांसाठी कार्यालयात बसण्याचे कोणतेही कारण सापडले नाही. पाचव्यासाठी होते : बँकेच्या संकेतस्थळावर मंजुरी देताना लागणारे हार्डवेअर टोकन तिजोरीत असते, आणि फाइल तयार करणारा व मंजूर करणारा यांनी एकाच वेळी हजर असावे, अशी अंतर्गत नियंत्रणाची अट आहे. सहावे काम कागदांचेच असल्याने ते कार्यालयातच होणार.

म्हणजे ज्या पदाला सरसकट नकार मिळत होता, ते पद महिन्यातले पगारवाटपाचे तीन दिवस सोडून पात्र होते. आधीच्या दोन अर्जांचा गुंताही इथेच उलगडला. एका गटप्रमुखाने चार कामे पाहून होकार दिला होता, दुसऱ्याने दोन कामे पाहून नकार दिला होता. दोघांचेही निरीक्षण बरोबर होते. फक्त परिपत्रकाने त्यांना एका पदासाठी एकच उत्तर द्यायला लावले होते.

अंतिम कलमात पात्रतेचे तीन थर ठेवले. पहिला कामाचा : प्रत्येक पदासमोर ‘कार्यालयातच करावयाची कामे’ आणि ती कोणत्या दिवशी येतात याची यादी, जी विभागप्रमुख तयार करतो आणि मनुष्यबळ विभाग मंजूर करतो. दुसरा व्यक्तीचा. नव्या कर्मचाऱ्याला पहिले सहा महिने घरून काम नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते आणि इथल्या मसुद्यातही होती. पण सहा महिन्यांचा कामाशी काही संबंध लावता येईना. तिच्या जागी ‘देखरेखीखाली दोन पूर्ण वेतनचक्रे पार पाडलेली असावीत’ ही अट घातली. ती मोजता येते, आणि चक्र पूर्ण झाले की नाही यावर वाद होत नाही. तिसरा थर जागेचा : काम कोणत्या पत्त्यावरून होणार तो पत्ता नोंदवलेला असावा, आणि परदेशातून काम करायचे असेल तर ते एक दिवसाचे असले तरी आधी लेखी परवानगी घ्यावी.

या शेवटच्या अटीवर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली. नातेवाइकांकडे गेल्यावर चार दिवस तिथून लॅपटॉप उघडला तर कंपनीचे काय बिघडते, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर धोरणातच लिहिले, कारण कारण कळले की नियम पाळला जाण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या देशात बसून काम केल्यास तिथला आयकर, सामाजिक सुरक्षा-वर्गणी आणि कामगार कायदा लागू होण्याचा प्रश्न उभा राहतो. काही परिस्थितींत कंपनीचे तिथे कायमस्वरूपी आस्थापन आहे असे करविभाग मानू शकतो. शिवाय ग्राहकाची माहिती देशाबाहेर नेण्यास करारानेच मनाई असू शकते. हे धोके दिवसांच्या संख्येवर, कामाच्या स्वरूपावर आणि त्या दोन देशांमधील करारांवर अवलंबून असल्यामुळे सरसकट ‘इतके दिवस चालतील’ असे लिहिणे धाडसाचे झाले असते.

नकाराचे कलम लहान आहे, तरी माझ्या मते या भागातले सर्वांत उपयोगी तेच. अर्जावर १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे. नकार असल्यास यादीतील कोणत्या कामामुळे किंवा कोणत्या अटीमुळे तो दिला हे लिहायचे. ‘कामाच्या सोयीसाठी’ हे कारण ग्राह्य धरायचे नाही. दिलेली परवानगी मागे घ्यायची तर ३० दिवसांची सूचना, सुरक्षाभंगाचा अपवाद वगळून.

कामाच्या वेळा

इथे पहिला मसुदा सोपा वाटत होता : सर्वांसाठी सकाळी ११ ते दुपारी ४ ही सामायिक वेळ, बाकीचे तास कर्मचाऱ्याच्या सोयीने. ग्राहक-साहाय्य विभागाला हे लागूच पडत नव्हते, कारण तिथे पाळ्यांचे वेळापत्रक चालते. त्यांच्यासाठी वेळापत्रक हीच कामाची वेळ, मग काम कुठूनही होवो, असे एका वाक्यात मिटवले.

अवघड गेले ते जादा तासांचे कलम. वित्त विभागाला वाक्य हवे होते : ‘पूर्वपरवानगीशिवाय केलेल्या जादा कामाचा मोबदला मिळणार नाही.’ वाचायला ते चोख वाटते, पण बऱ्याच कायदेव्यवस्थांत ते टिकत नाही. अमेरिकेच्या संघीय वेतन-कायद्यात, त्या कायद्याच्या कक्षेतील कर्मचाऱ्याने केलेले काम मालकाला माहीत असेल किंवा माहीत असायला हवे होते अशी स्थिती असेल, तर ते काम सांगितलेले नसले तरी मोजावे लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१९ मध्ये असा निकाल दिला की सदस्य देशांनी मालकांना रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि पाहता येईल अशी व्यवस्था उभारायला लावली पाहिजे. रात्री ११ वाजता प्रणालीत हिशेब चालवल्याची नोंद असताना ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव दुबळाच ठरणार. म्हणून कलम दोन वाक्यांत तोडले. पहिले : केलेल्या प्रत्येक तासाची नोंद करावी आणि नोंदलेला तास धरला जाईल. दुसरे : परवानगीशिवाय वारंवार जादा तास झाल्यास गटप्रमुखाने सात दिवसांत कामाच्या वाटपाची चर्चा करावी. मोबदला आणि शिस्त या दोन गोष्टी अशा वेगळ्या केल्यावर वित्त विभागही राजी झाला.

वेळेनंतरच्या निरोपांबाबत फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून संपर्क तोडण्याच्या हक्काची तरतूद लागू आहे आणि तिथे ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर वाटाघाटी कराव्या लागतात. इथे तसे कायदेशीर बंधन नव्हते. ‘वेळेनंतर निरोप पाठवू नये’ असे लिहिले असते तर ते पहिल्याच पगारवाटपाच्या आठवड्यात मोडले असते. त्याऐवजी लिहिले की निरोप कधीही पाठवता येईल, उत्तराची अपेक्षा मात्र पुढच्या कामकाजी सकाळीच धरता येईल. तातडीचे असेल तर फोन करावा, आणि महिन्यातील असे फोन गटप्रमुखाने नोंदवावेत. फोन करणे आणि त्याची नोंद करणे हा जरा त्रास असतो, आणि तो तसा असावा हेच अभिप्रेत आहे.

याच भागात देखरेखीचा प्रश्न आला. एका संचालकांनी दर १० मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारे सॉफ्टवेअर सुचवले. विश्वास, मनोबल वगैरे मुद्द्यांवर ती चर्चा बराच वेळ फिरत राहिली असती. मिटली ती वेगळ्याच कारणाने. वेतन-अधिकाऱ्याच्या पडद्यावर दिवसभर असते काय, तर ग्राहकांच्या कर्मचाऱ्यांची नावे, पगार आणि बँक-खाती. त्याची दर १० मिनिटांची चित्रे त्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याच्या सर्व्हरवर साठणार, म्हणजे जी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून सुरक्षा-कलमे लिहीत होतो, तिची दुसरी प्रत आपणच तिसऱ्याकडे ठेवणार. सूचना तिथेच मागे घेतली गेली, आणि धोरणात पडद्याचे चित्रण करणार नाही असे स्पष्ट लिहिले.

साधने

साधनांचा भाग छोटा ठेवला. वेतन-प्रक्रिया, सॉफ्टवेअर आणि प्रशासन यांना फक्त कंपनीचा लॅपटॉप. ग्राहक-साहाय्याला स्वतःच्या संगणकावरून काम करता येईल, पण केवळ दूरस्थ डेस्कटॉपमधून, जिथे फाइल बाहेर उतरवणे, बाहेर चिकटवणे आणि मुद्रण बंद केलेले आहे. प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक, देताना आणि परत घेताना दोघांची सही, नोकरी सोडल्यास शेवटच्या दिवशी परतावा. झीज व अपघाती बिघाड कंपनीच्या खर्चाने. सिद्ध झालेला हलगर्जीपणा असेल तर प्रकरण शिस्तीच्या नियमांखाली, पगारातून परस्पर कपात नाही.

वाद झाला तो इंटरनेट बंद पडण्यावरून. कार्यालयात वीज गेली तर कर्मचारी बसून राहतो आणि वेळ कामाचीच धरली जाते. घरी गेली तर मात्र ती त्याची अडचण, असा जुना समज होता. कलम असे झाले : खंड पडल्यापासून ३० मिनिटांत गटप्रमुखाला कळवावे, दोन तासांपर्यंतचा खंड कामाची वेळ धरला जाईल, त्यापुढे कार्यालयात यावे किंवा उरलेले तास त्याच आठवड्यात भरून काढावेत. एका महिन्यात चारदा असा खंड पडल्यास त्या पत्त्याची मंजुरी पुन्हा तपासायची.

माहितीची सुरक्षा

ग्राहकाच्या प्रश्नावलीमुळे हा भाग सर्वांत आधी लिहायला घेतला आणि सर्वांत शेवटी पूर्ण झाला. तांत्रिक कलमे लवकर जमली, कारण त्यांचा पुरावा यंत्रेच देतात : लॅपटॉपची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्टेड (विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट), पाच मिनिटांनी पडदा आपोआप बंद, पासवर्डसोबत दुसरा पडताळा, अद्ययावत नसलेल्या यंत्राला प्रणालीत प्रवेश नाही. दर आठवड्याला व्यवस्थापन-प्रणालीतून निघणारा अहवाल हाच पुरावा. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याचे जुने कलम काढून टाकले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेचे मार्गदर्शन २०१७ पासून अशा सक्तीच्या विरुद्ध आहे, कारण लोक मग जुन्याच पासवर्डचा शेवटचा अंक बदलतात. उघड झाल्याची शंका आली तर मात्र लगेच बदलायचा.

अडकलो मुद्रणावर. मसुद्यात वाक्य होते : ‘घरी कोणताही कागद मुद्रित करू नये.’ प्रश्नावलीला हे उत्तर उत्तम होते. पण कामांच्या नोंदीत आम्ही एका ज्येष्ठ तपासनीस बाईंचे काम पाहिले होते. त्या पूर्ण पगारपत्रक छापत, गेल्या महिन्याचा कागद शेजारी ठेवत, फुटपट्टी एकेका ओळीवर सरकवत, आणि जिथे आकडा बदलला तिथे पेन्सिलीने खूण करून बदलाचा मूळ अर्ज शोधत. त्यांना विचारले, “घरी काय करता?” त्यांनी सरळ सांगितले, “घरच्या प्रिंटरवर काढते, काम झालं की फाडते. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर दोन महिने शेजारी दिसत नाहीत, मग चूक सुटली तर जबाबदार कोण?”

फाडलेला कागद घरच्या कचऱ्यात जातो, आणि त्यावर शेकडो लोकांचे पगार व खाते क्रमांक असतात. तरीही मनाईचे वाक्य तसेच ठेवून काहीच साधले नसते. छपाई चालूच राहिली असती, फक्त सांगणे बंद झाले असते. म्हणून कलम दोन महिने थांबवले. तेवढ्यात तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला घरी दुसरा मोठा मॉनिटर दिला, आणि सॉफ्टवेअर विभागाने गेल्या महिन्यापेक्षा वेगळ्या असलेल्या ओळीच दाखवणारा अहवाल तयार केला, ज्यात प्रत्येक ओळीवर तपासल्याची खूण करता येते आणि ती कोणी, कधी केली याची नोंद राहते. त्या बाईंनी त्यात एक दुरुस्ती सुचवली : न बदललेल्या ओळीही मागितल्यास दिसाव्यात, कारण जिथे बदल व्हायला हवा होता पण झाला नाही, ती चूक फक्त बदल दाखवणाऱ्या अहवालात कधीच दिसत नाही. ती केल्यानंतर कंपनीच्या लॅपटॉपवरून घरच्या प्रिंटरला जोडणेच बंद केले आणि मग मनाईचे कलम लागू झाले.

दुसरे महत्त्वाचे कलम लॅपटॉप हरवण्याचे. ‘दूरस्थपणे माहिती पुसता येते’ यावर बऱ्याच व्यवस्थापकांचा भरवसा होता. पण तो आदेश यंत्र इंटरनेटला जोडले गेले तरच पोहोचतो, आणि चोर ते जोडेलच असे नाही. खरा आधार एन्क्रिप्शनचा, तोही यंत्र पूर्ण बंद असताना अधिक पक्का, कारण नुसते झाकण मिटून झोपवलेल्या यंत्राच्या मेमरीत किल्ली उपलब्ध राहू शकते. म्हणून प्रवासात लॅपटॉप पूर्ण बंद करूनच न्यायचा, असे वेगळे वाक्य घातले. हे वाक्य आमच्या तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीला उतरत नाही, याची मला जाणीव आहे. तपासता येत नसूनही ते ठेवण्याचा निर्णय मुद्दाम घेतला, आणि त्याला जोड म्हणून ठराविक वेळ झोपलेले यंत्र आपोआप हायबरनेटमध्ये जाईल अशी मांडणी केली.

कळवण्याची मुदत लक्षात आल्यापासून एक तास. ही घाई उगाच नाही. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात माहितीच्या मूळ धारकाला गळती कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते, आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेने त्याला विनाविलंब सांगावे लागते. या कंपनीच्या करारात ग्राहकाला २४ तासांत कळवायचे होते. कर्मचारी दोन दिवस घरभर शोधत बसला तर ती मुदत पहिल्याच टप्प्यावर संपते. तो शोधत का बसतो, हे उघड आहे : त्याला भीती वाटते. त्यामुळे पुढचे वाक्य कायदा-विभागाच्या थोड्या नाराजीनंतरही टिकवले : ‘एका तासात कळवलेल्या हरवण्याबद्दल शिस्तीची कारवाई होणार नाही, लपवल्याबद्दल होईल.’ सोबत दिवसरात्र उचलला जाणारा एकच फोन क्रमांक दिला, आणि तो लॅपटॉपवर नव्हे तर ओळखपत्राच्या मागे छापला.

मसुद्याची चाचणी

धोरण जाहीर करण्याआधी सात गटप्रमुखांना वेगवेगळे बसवून पाच प्रसंग दिले आणि फक्त मसुदा वाचून निर्णय लिहायला सांगितले. जिथे उत्तरे जुळली नाहीत, तिथे दोष वाचणाऱ्याचा न मानता कलमाचा मानला. चार प्रसंगांत उत्तरे एकसारखी आली. पाचवा असा होता : वेतन-अधिकारी आजारी आईकडे दुसऱ्या शहरात १२ दिवस राहून काम करू इच्छितो, आणि त्यांतले दोन दिवस पगारवाटपाचे आहेत. तिघांनी परवानगी दिली, चौघांनी नाकारली. पत्त्याचे कलम ‘नोंदवलेला पत्ता’ म्हणत होते, पण तात्पुरत्या पत्त्याची नोंद कोण करणार ते सांगत नव्हते. आणि कार्यालयातच करायचे काम त्या दोन दिवसांपुरते सहकाऱ्याकडे देता येईल का, हेही कुठे नव्हते. दोन्ही वाक्ये घातली : देशातील तात्पुरता पत्ता ३० दिवसांपर्यंत गटप्रमुख नोंदवू शकतो, आणि मंजुरीचे अधिकार असलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने लेखी होकार दिल्यास पगारवाटपाच्या दिवसांचे काम त्याच्याकडे देता येते, मात्र फाइल तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच होता कामा नये.

पहिल्या सहा महिन्यांत अपवादांच्या नोंदवहीत सर्वाधिक अर्ज आले ते सामायिक वेळेतून सूट मागणारे, बहुतेक लहान मुलांच्या शाळेच्या वेळेमुळे. कंपनीने सामायिक वेळ ११ ऐवजी १२ वाजता सुरू करून पाहण्याचे ठरवले आहे. ग्राहकांचे फोन सकाळी जास्त येतात, म्हणून वेतन-प्रक्रिया विभागाचा त्याला अजून विरोध आहे.